नावं ठेवणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

तुमची अडचण मला कळते. लहानपणापासून जी नावं तोंडात बसली, ती पन्नाशी उलटल्यावर बदला म्हणून कुणीही उठून सांगतं. 'हरिजन' म्हणालात तर सगळे गप्प होतात. मग मोठ्या कष्टानं 'दलित' म्हणायला शिकलात, तोवर पोरगी कॉलेजातून येऊन सांगते, 'बाबा, माझी मैत्रीण स्वतःला बौद्ध म्हणवते.' माणसानं करायचं तरी काय? घाबरू नका. जुनी नावं शेवटपर्यंत वापरता येतात, फक्त थोडी तयारी लागते.

पहिला आधार हेतूचा. 'हरिजन' म्हणजे देवाची माणसं, यात वाईट काय, असं दणकून विचारायचं. गांधीजींनी 1933 च्या फेब्रुवारीत पुण्याहून साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'हरिजन' होतं, हेही सांगायचं. समोरचा बहुधा इथेच गार पडतो. मात्र त्याला 1938 सालची मुंबई विधिमंडळातली हकिगत माहीत असेल तर विषय बदला, कारण ती आपल्या बाजूची नाही.

त्या वर्षी जानेवारीत बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारनं लोकल बोर्डांच्या कायद्यातली एक दुरुस्ती सभागृहात आणली. तिच्यात अस्पृश्य वर्गांना 'हरिजन' हे नाव कायद्यानंच मिळणार होतं. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड उभे राहिले आणि त्यांनी अशा अर्थाचा प्रश्न टाकला, की अस्पृश्य देवाची माणसं असतील तर स्पृश्य कोणाची, राक्षसांची का? आंबेडकरांचं म्हणणं त्याहून साधं होतं. ज्यांना हे नाव लावायचं त्यांनाच ते नको आहे, तर त्यांचं ऐका. मत झालं. सरकारकडे डोकी जास्त होती, नाव टिकलं. आंबेडकर आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांच्यावर उपकार चालला होता तेच उठून गेले आणि उपकार बहुमतानं कायम झाला. किती कृतघ्न लोक, असं तुम्ही म्हणू शकता. मोठ्यानं म्हणू नका.

आता कुणी विचारील, की इतकं गोड नाव कडू कसं झालं? उत्तर सोपं आहे, ते देऊ नका. महारवाड्याचा हरिजनवाडा झाला, पण वाडा होता तिथेच, गावकुसाबाहेर राहिला, आणि वरच्या आळीच्या विहिरीवरचा नियमही तोच राहिला. पाटी तेवढी गोड झाली. पुढे त्या गोड शब्दानंच लोक शिव्या देऊ लागले. 1982 साली केंद्र सरकारला राज्यांना कळवावं लागलं, की जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की हा शब्द आता अपमान करण्यासाठीच वापरला जातो. न्यायालयाला आपल्या शुद्ध हेतूची कल्पना नसावी.

दुसरा आधार परंपरेचा. 'महार' हे जातीचं नुसतं नाव आहे, शिवी थोडीच आहे, असं म्हणा. हे म्हणताना जुन्या गावाच्या कारभाराचा तपशील टाळलेला बरा. तिथे हे नाव कामाची हाक होतं. वेशीवर राखण करायची ती येसकरानं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याला चारा आणायचा, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, ही सगळी वतनाची कामं. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि खळ्यावरचं बलुतं, तेही मागून घ्यायचं. साठीचा म्हातारा असला तरी पाटलाचं पोरगं त्याला 'ए धोंड्या' म्हणणार, आणि म्हाताऱ्यानं वाकून 'जोहार मायबाप' करायचा. आंबेडकरांनी 1928 मध्येच वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवली होती. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. तेव्हा तुम्ही सहज म्हणून जे नाव घेता, ते ऐकणाऱ्याच्या आजोबांना पहाटे वेठीला बोलावणारं होतं. 'जोहार' जाऊन 'जय भीम' का आला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. आपण मात्र उत्तरादाखल 'नमस्कार' म्हणावं आणि घड्याळ पाहावं.

तिसरा आधार सगळ्यात भक्कम, म्हणून मुद्दाम राखून ठेवलाय. 'ते स्वतः दाखल्यावर महार लिहितात, मग मी म्हटलं तर का टोचतं?' वा! याला तोड नाही. फक्त दाखल्यावर ते का लिहावं लागतं, ते विचारू देऊ नका. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी धर्म बदलला, त्याबरोबर नावही बदललं. पण अनुसूचित जातींची यादी जुनीच नावं धरून चालते. केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना त्या यादीत जागा मिळाली ती थेट 1990 मध्ये. तोवर चौतीस वर्षं नवं नाव घेणाऱ्यानं किंमत मोजली, आणि आजही दाखल्याला पूर्वीची जात सिद्ध करावी लागते. म्हणजे टाकून दिलेलं नाव सरकारी खिडकीवर रांगेत उभं राहून पुन्हा मागायचं. याला आपण 'त्यांना आवडतं' असं म्हणायचं. दाखला द्यायला आपण खिडकीत बसलेलो नसतानाही.

यापुढेही कुणी हटकलंच तर चिडून म्हणा, 'आधी तुमच्यात एकमत करा!' हे मला फार आवडतं. 1972 मध्ये मुंबईतल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा 'दलित' हा शब्द त्यांनी छाती पुढे काढून घेतला होता, आणि त्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया अशा सगळ्यांना बसवलं होतं. आता त्याच घरातली नातवंडं म्हणतात, आम्ही तुडवलेले नाही, आम्ही बौद्ध. शेजारचा मातंग मित्र म्हणतो, मला 'दलित' चालतं. 2018 मध्ये केंद्राच्या माहिती खात्यानं वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' म्हणा असं कळवलं, तर कितीतरी लेखक-कार्यकर्ते भडकले, की आमचा शब्द काढून घेणारे तुम्ही कोण? बघा किती गोंधळ! आपल्यात मात्र पूर्ण एकमत असतं. देशस्थ-कोकणस्थ, शहाण्णव कुळी वगैरे किरकोळ गोष्टी सोडल्या तर. 'माणसाला थेट विचारलं तर तो सांगतो' असा एक उपाय काही लोक सुचवतात, पण त्यात प्रश्न विचारून गप्प बसावं लागतं.

राहता राहिला गावातला मुद्दा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं काढायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, सगळंच जायचं, आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यायची. तुमचं यात फारसं बिघडत नाही. भीमनगर म्हटलं की कोण राहतं ते कळतंच, आणि भाड्यानं खोली देताना पत्ता विचारायची सोय शाबूत राहते. तरी ठराव तुमच्या ग्रामसभेत यायचा असेल तर गाफील राहू नका. 'गोकुळनगर' असं एखादं छान, निरुपद्रवी नाव आधीच ठरवून ठेवा. सभा कामाच्या दिवशी भर दुपारी लावा, वस्तीतली माणसं तेव्हा रोजावर असतात. सह्या ग्रामसेवक मागाहून गोळा करील.