माउसच्या अंगात येतं तेव्हा

एखादी वस्तू पूर्ण बिघडली तर तिला चार शिव्या घालून माणूस मोकळा होतो. छळतात त्या अर्धवट बिघडणाऱ्या वस्तू. माझा ब्लूटूथ माउस या दुसऱ्या जातीचा. एरवी गरीब गाय, पण अधूनमधून त्याच्या अंगात यायचं. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थिजायचा, क्षणभर गहन विचार करायचा आणि मग एकदम उडी मारून भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसायचा. 'सेव्ह'वर नेम धरावा आणि दाबलं जावं 'डोन्ट सेव्ह'!

हेडसेटचं वागणं तर याहून घातकी. तो नेमके मोक्याचे शब्द गिळायचा. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "हे काम या आठवड्यात होणं शक्य दिसत नाही." साहेबांपर्यंत पोचलं ते, "हे काम या आठवड्यात होणं शक्य..." पुढचं हवेत विरलं आणि साहेब म्हणाले, "व्वा, हा उत्साह मला आवडला!"

अशा वेळी करायचे ते सगळे विधी मी केले. सेल बदलले, हेडसेट रात्रभर चार्जिंगला लावला, दोघांची जोडणी तोडून नव्याने जुळवली, ड्रायव्हर अपडेट केले. शेजाऱ्यांच्या वायफायवर संशय घेतला. तो घ्यायला पैसे पडत नाहीत. टेबलावर लॅपटॉपला अगदी खेटून एक्स्टर्नल हार्डडिस्क पडलेली असायची, तिच्याकडे मात्र बोट दाखवावं असं कुणालाच वाटलं नाही. ती बिचारी वायरने जोडलेली! बिनतारी भानगडीशी तिचा काय संबंध?

रेडिओच्या क्षेत्रात उमेदवारी केलेला आमचा एक मित्र घरी आला होता. माउसचे झटके बघून त्याने मला काहीही विचारलं नाही. हार्डडिस्क 'इजेक्ट' केली, वायर उपसली आणि म्हणाला, "आता हलव." माउस लोण्यातून फिरल्यासारखा फिरला. वायर परत लावली, पुन्हा झटके.

"पण आता तर मी काही कॉपीसुद्धा करत नाहीये," मी डिस्कची बाजू घेत म्हणालो.

"कॉपी कशाला करायला हवी? जोडणी जागी असली की तिची बडबड चालूच असते. जोडणी झोपली तरच गप्प बसेल."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून माझा वायर या गोष्टीवरचा विश्वासच उडाला. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. यूएसबी 3.0 वायरमधून सेकंदाला 5 गिगाबिट पाठवतं, आणि इतक्या वेगाने विजेची उघडझाप झाली की तिचा गोंगाट एका ठिकाणी न राहता खालपासून वरपर्यंत पसरतो. त्यात ब्लूटूथचा अख्खा पट्टा सापडतो. वायर, तिचं टोक, पोर्ट, डिस्कची डबी, जिथे जिथे वरचं धातूचं कवच कच्चं असेल तिथून हा गोंगाट बाहेर झिरपतो. थोडक्यात, माझी हार्डडिस्क हे एक विनापरवाना रेडिओ केंद्र होतं. इंटेलने 2012 साली याच विषयावर एक निबंध काढला होता, त्यात डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ 20 डेसिबलने चढलेला दिसतो. म्हणजे आम्ही सेल बदलत होतो तेव्हा हे गुपित कधीचं चव्हाट्यावर आलेलं होतं.

20 डेसिबल म्हणजे ताकदीत शंभरपट. मित्राने ते माझ्या भाषेत सांगितलं: उघड्या हवेत तुझा माउस दहापट लांब नेलास तर सिग्नल जेवढा पडेल, तेवढा हा फटका आहे. हाताखालचा माउस लॅपटॉपला जणू चार-पाच मीटरवरून हाका मारतोय. त्यातून गोंगाट करणारा लॅपटॉपच्या कानाशीच बसलेला, म्हणजे मिक्सरशेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्याचा प्रकार.

ब्लूटूथ तसं बावळट नाही. एखादी वाहिनी गजबजलेली दिसली की ते तिला टाळून दुसरीवर उडी मारतं, म्हणून वायफायबरोबर त्याचा संसार बरा चालतो. पण इथे सगळाच पट्टा भरलेला. पळून पळून जाणार कुठे?

माउसचं थिजणं आणि उडी मारणं याचाही उलगडा झाला. निरोप पोचला नाही तर तो पुन्हा पुन्हा पाठवला जातो, तोवर पुढच्या हालचाली तुंबतात आणि वाट मोकळी झाली की गठ्ठ्याने आदळतात. गाण्यांचा थोडा साठा आधीच करून ठेवलेला असतो, त्यामुळे गाणं बराच वेळ तग धरतं. फोनवरच्या बोलण्याला ती चैन नाही. हरवलेला तुकडा परत मागवेपर्यंत संभाषण पुढे गेलेलं असतं, म्हणून तो सोडून दिला जातो. साहेबांचा गैरसमज झाला तो असा.

मी तरी पुरावा मागितला. माझ्या डिस्कचं टोक जुन्या पद्धतीचं, रुंद, मधे खाच असलेलं, जणू दोन टोकं जुळी जन्मलेली. त्यातल्या रुंद भागात साधी मायक्रो-यूएसबी वायर बसते आणि डिस्क निमूटपणे यूएसबी 2.0 च्या चालीने चालते. मित्राने मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर काढून तीच लावली. डिस्क जागची हलली नव्हती, पोर्टही तेच, पण माउस गुळगुळीत! फक्त कॉपी आता सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइटवर रांगत होती, एरवी ती शंभराच्या पुढे जायची. लिनक्सवाल्यांना हे वेगळ्या मार्गानेही पाहता येतं:

```
lsusb -t
```

डिस्कच्या ओळीत 5000M दिसलं तर ती जलद चालीत आहे, 480M दिसलं तर जुन्या.

आता उपाय. रांगायचं नसेल तर अंतर वाढवायचं, हीच मुख्य युक्ती. डिस्कला चांगल्या कवचाची मीटरभर वायर लावली आणि तिला टेबलाच्या पार टोकाला धाडलं. हातभर सरकवल्यावरच फरक कळायला लागला होता. लॅपटॉपमधला ब्लूटूथचा अँटेना कुठे दडलाय हे बाहेरून कळत नाही, म्हणून उजवी-डावी दोन्हीकडची पोर्टं करून पाहिली. डावं बरं निघालं. हबचं दुखणं जास्त, कारण त्याची शेपटी वीतभरच असते आणि तो लॅपटॉपला चिकटूनच राहतो. त्याला मी एक्स्टेंशनची वायर जोडून मॉनिटरच्या मागे हद्दपार केलं. मधे मी डिस्कला स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्येही गुंडाळून पाहिलं. फॉइलचा संबंध डिस्कच्या धातूशी नीट जुळला नसेल, तर पदरात फार काही पडत नाही. पडला तो प्रश्न, बायकोचा: "हे टेबलावर ठेवायचं की फ्रिजमध्ये?"

पेनड्राइव्हपुढे मात्र अजून हात टेकलेले आहेत. एक्स्टेंशन सापडलं नाही तर तो थेट लॅपटॉपच्या कुशीत घुसतो. मग कॉपी संपेपर्यंत मी ट्रॅकपॅडवर बोटं घासतो आणि मीटिंगमध्ये तोंड बंद ठेवून नुसती मान डोलावतो. परवा साहेब म्हणाले, "हल्ली तुमच्यात बरीच परिपक्वता आली आहे." मी मान डोलावली. फाइल मोठी होती.