कटऑफ ११.८ वर ठेवूनही गाडी का सुरू होत नाही

"हार्डवायर किट लावा, कटऑफ ११.८ वर ठेवा आणि बिनधास्त राहा. पार्किंग मोड चोवीस तास चालला तरी बॅटरी बसत नाही. कपॅसिटरवाला कॅमेरा असेल तर नागपूरच्या उन्हाचंही टेन्शन नाही."

डॅशकॅम घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. हार्डवायर किट कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूजबॉक्समधून वीज देते, म्हणून गाडी बंद करून उभी असतानाही तो पार्किंग मोडमध्ये चालू राहतो. आधी कटऑफ, म्हणजे बॅटरी किती व्होल्टपर्यंत उतरली की किटने कॅमेरा बंद करायचा तो आकडा. गाडीची साधी बॅटरी पूर्ण भरलेली असताना, इंजिन बंद करून काही तास झाल्यावर, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ ला ती निम्मी झालेली असते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. कॅमेऱ्याला पाव अँपिअर पुरतो, सेल्फला मात्र क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात. किट ११.८ ला कॅमेरा बंद करेल तेव्हा सेल्फपुरतं काही उरलेलं नसतं.

हे मी स्वतः भोगलंय. एप्रिलमध्ये लग्नासाठी तीन दिवस रेल्वेने अमरावतीला गेलो, गाडी त्रिमूर्तीनगरात घराखाली. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टकटक. मीटरवर १२ व्होल्ट, म्हणजे कटऑफची वेळ आलीच नव्हती, किट अगदी ठणठणीत! हिशोब सोपा आहे. पाव अँपिअरने दिवसाला ६ अँपिअर-तास जातात, तीन दिवसांत १८. बॅटरी ३५ ची, पण तीन वर्षं जुनी, त्यातही रोजचा प्रवास पंधरा मिनिटांचा. एवढ्यात ती कधी पूर्ण भरतच नव्हती. आता कटऑफ १२.२ वर आहे, आणि बाहेरगावी जाताना कॅमेरा बंदच करून जातो.

जोडणी नीट असेल तरच यातलं काही चालतं. किटची पिवळी वायर कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर, लाल वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर आणि काळी बॉडीला. घाईत पिवळी आणि लाल दोन्ही कायम चालू फ्यूजवर जोडल्या, तर गाडी बंद झाल्याचं कॅमेऱ्याला कळतच नाही आणि तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत बसतो. चावी काढून दहा मिनिटं थांबा, कारण काही फ्यूज उशिरा बंद होतात. मग लाल वायरवर मीटर लावा, शून्य यायला हवं. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र हात लावू नका.

कपॅसिटरचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी उन्हात फुगू शकते, तिच्या जागी असलेला कपॅसिटर तसा फुगत नाही, म्हणून आपल्याकडे तोच घ्यावा. पण त्यातली ऊर्जा शेवटची फाइल जतन करण्यापुरती, काही सेकंदांची. पार्किंग मोड गाडीच्याच बॅटरीवर चालतो. शिवाय मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त तापतं, त्यात चालू कॅमेरा स्वतःची उष्णता घालतो. अशा वेळी कार्ड आणि चिकटपट्टी आधी दगा देतात. मी उन्हाळ्यात दुपारी पार्किंग मोड बंद ठेवतो, समोरच्या काचेला बाहेरून झाकण लावतो आणि रात्रीच तो चालू करतो.