फाईल पाठवायच्या आधी एकदा उघडून बघा की रे!

पुन्हा प्रश्नचिन्हं. रात्री साडेदहाला सात रस्त्याकडून अभ्यासिकेतून घरी आलो, ताटावर बसायच्या आधी फाईल अँकी ह्या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये टाकून ठेवू म्हटलं, आणि समोर काय तर `???????? 17`. खाली `???????? 21`. त्याच्या खाली `???????? 280`. चारशे बारा कार्डं, त्यातले फक्त आकडे जिवंत. बाकी सगळी राज्यघटना प्रश्नचिन्हांत!

आम्ही चौघं राज्यसेवेची तयारी करतोय. कार्डं टाईप करायचं वाटून घेतलंय, लॅपटॉप माझ्याकडे म्हणून अँकीत भरायचं काम माझं. राज्यघटना ज्याच्याकडे होती त्यानं आठ दिवस खपून एक्सेलमध्ये टाईप केलं. मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. पण सेव्ह करताना समोर दोन पर्याय असतात, `CSV (Comma delimited)` आणि `CSV UTF-8 (Comma delimited)`. ह्यानं पहिला घेतला. त्या पर्यायात विंडोजची जुनी अक्षरसंच पद्धत वापरली जाते आणि तिच्यात देवनागरी नाहीच. जे अक्षर सापडत नाही तिथं एक्सेल `?` लिहून मोकळं होतं. "अनुच्छेद" मोजून बघा: अ, न, उकार, च, हलन्त, छ, मात्रा, द. आठ. बरोबर आठ प्रश्नचिन्हं.

रात्री अकराला त्याला फोन लावला. म्हणतो, "अरे, फॉन्टचा प्रॉब्लेम असंल, तुझ्याकडं मराठी फॉन्ट टाक." फॉन्ट नाही रे बाबा! फाईलच्या आत खरोखरची प्रश्नचिन्हं लिहिली गेली आहेत. "अ" चं पण तेच, "द" चं पण तेच. मग कोणतं कुठलं होतं हे परत काढणार कसं? मूळ एक्सेलची फाईल माग म्हटलं, तर ती ठेवलीच नाही. एकच फाईल, तीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, "काही गोष्टी जपून राहणार नाहीत" असा इशारा आला तो बंद केला आणि झोपला. आठ दिवसांचं काम गेलं, आणि मी ह्याला चार महिने सांगतोय की दुसरा पर्याय घे!

एक फरक तरी लक्षात ठेवा. मराठीच्या जागी `à¤…` असलं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, ते अजून वाचवता येतं. UTF-8 फाईलवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा असं होतं. आतला मजकूर शाबूत असतो, एक्सेल तो चुकीच्या पद्धतीनं वाचत असतं. तशीच बंद करायची. सेव्ह करायची नाही. नोटपॅडमध्ये उघडा, मराठी नीट दिसेल, खाली उजव्या कोपऱ्यात UTF-8 लिहिलेलं असेल. ह्याला अर्धं मिनिट लागतं. अर्धं मिनिट!

आता दुसऱ्याचं ऐका, कारण त्याचा मला जास्त राग आलाय. इतिहास ह्याच्याकडे. ह्यानं एक्सेल वापरलंच नाही, नोटपॅडमध्ये हातानं टाईप केलं. फाईलची पहिलीच ओळ ही:

```
सोलापूरचे चार हुतात्मे कोण?,मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे
```

स्वल्पविराम म्हणजे पुढचा रकाना, एवढंच अँकीला कळतं. नावांमधला स्वल्पविराम आणि रकान्यांमधला स्वल्पविराम ह्यात त्याला फरक करता येत नाही. त्यामुळे उत्तरात आलं फक्त "मल्लप्पा धनशेट्टी". तिसरा रकाना आपोआप टॅगला जोडला गेला. टॅग मोकळ्या जागेवर तुटतात, म्हणून "कुर्बान" एक टॅग आणि "हुसेन" दुसरा टॅग. उरलेली दोन नावं कुठंच गेली नाहीत, सोडून दिली गेली.

ज्या गावात 1930 साली मार्शल लॉ लागला, ज्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, ज्यांच्या पुतळ्यावरून आम्ही रोज अभ्यासिकेला जातो, त्या चौघांतले तिघं कार्डावरून गायब! आणि अँकी काही तक्रार करत नाही. "इतक्या नोंदी जोडल्या" म्हणून सांगतं, आपण खूश. आमच्यातल्या एकीनं तीन आठवडे हे कार्ड "एकच नाव" म्हणून पाठ केलं. सराव परीक्षेत तिला चुकल्यावर आम्हाला कळलं. तिनं काय चूक केली होती?

ज्या रकान्यात स्वल्पविराम आहे तो सरळ दुहेरी अवतरणात टाकायचा. बास.

```
#separator:Comma
#html:false
#tags column:3
"सोलापूरचे चार हुतात्मे कोण?","मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे",सोलापूर_इतिहास
```

अवतरण सरळच पाहिजे, `"` असं. वर्डमध्ये टाईप करून आणलंत तर ते वाकडं होतं, “ असं, आणि ते चालत नाही. हे रोज जमत नसेल तर गुगल शीटमध्ये टाईप करा आणि तिथून सीएसव्ही डाउनलोड करा. अवतरणं तेच घालतं, UTF-8 पण तेच ठेवतं. आयात करताना वरच्या काही ओळी दाखवतात, कोणता रकाना कुठं जातोय तेही तिथंच दिसतं. `Tags` समोर तिसरा रकाना दिसतोय आणि आपण टॅग लिहिलेच नाहीत, म्हणजे स्वल्पविराम फुटलाय. तिथंच थांबा.

ते कार्ड मी रात्रीच दुरुस्त केलं. प्रश्न अक्षरशः तोच ठेवला, `Existing notes` ला `Update` ठेवून पुन्हा आयात केलं. पहिला रकाना जुळला की अँकी जुन्याच नोंदीचं उत्तर बदलतं, उजळणीच्या तारखा तशाच राहतात. पण प्रश्नात एक मोकळी जागा जरी बदलली तरी नवीन कार्ड तयार होतं आणि चुकीचं जुनं तसंच राहतं. म्हणून प्रश्नाला हात लावू नका म्हणून मी ओरडत असतो.

प्रश्नचिन्हांतून आकडे तरी वाचले म्हणालो ना? तेही नाही. नागरिकत्वाची कलमं कोणती, ह्याचं उत्तर त्यानं 5-11 लिहिलं होतं. एक्सेलनं त्याची तारीख केली आणि सीएसव्हीत गेलं `05-Nov`. नंतर त्या रकान्याला `Text` केलं तर पाच आकडी नंबर येतो, 5-11 परत येत नाही. टाईप करायच्या आधी सगळे रकाने `Text` करायचे, नाहीतर सरळ "5 ते 11" लिहायचं. हेही मी सांगितलं होतं. हेही!

साडेबारा वाजलेत, भाकरी कडक झाली. तो आता चारशे बारा कार्डं परत टाईप करणार आहे. उद्यापासून पेनड्राईव्ह हातात देऊ नका. आधी माझ्यासमोर नोटपॅडमध्ये फाईल उघडायची, पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, मगच मी ती अँकीत घेणार.