65 हे उत्तर बरोबर आहे, पण ‘झटपट’ नियमाने ते येत नाही

«12, 15 आणि 20 ने भागल्यावर प्रत्येक वेळी 5 उरणारी लहानात लहान संख्या? मांडणी करत बसू नका! ‘लहानात लहान’ दिसलं की लसावि, ‘मोठ्यात मोठी’ दिसलं की मसावि. तिन्ही संख्यांचा गुणाकार करा, मसाविने भागा, लसावि तयार. बाकी कितीही, कशीही असो, ती त्यात मिळवा. उत्तर दहा सेकंदांत!»

आधी गुणाकाराचा भाग पाहू, कारण मुलांचे सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. 12 × 15 × 20 म्हणजे 3600. तिघांचा मसावि 1, कारण 2 ने 15 ला भाग जात नाही, 3 ने 20 ला जात नाही आणि 5 ने 12 ला जात नाही. 3600 ला 1 ने भागून 3600 च राहतात. त्यात 5 मिळवले की 3605. खरे उत्तर मात्र 65 आहे.

यात घातक गोष्ट अशी की 3605 चा पडताळाही जुळतो. 3605 ला 12 ने भागा, 5 उरतात. 15 ने भागा, 5 उरतात. 20 ने भागा, तरी 5 च. मूल समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळते. पडताळ्यातून एवढेच कळले की संख्या अटीत बसते. ती लहानात लहान आहे का, हे तपासलेच गेले नाही.

मग चूक नेमकी कुठे होते? ‘गुणाकार भागिले मसावि’ हा नियम दोन संख्यांचा आहे. 12 आणि 15 चा गुणाकार 180, मसावि 3, लसावि 60. इथे तो चोख चालतो. तीन संख्या आल्या की तो मोडतो. 12 = 2 × 2 × 3, 15 = 3 × 5 आणि 20 = 2 × 2 × 5. 12 आणि 20 मध्ये 4 सामाईक आहे, 12 आणि 15 मध्ये 3, तर 15 आणि 20 मध्ये 5. म्हणजे प्रत्येक जोडीत काहीतरी सामाईक आहे, पण तिघांत मिळून काहीच नाही. गुणाकारात 4, 3 आणि 5 हे तिन्ही दोन-दोनदा मोजले गेले, आणि तिघांचा मसावि 1 असल्यामुळे त्याला ही दुबार मोजणी दिसतच नाही. ती काढायची तर 3600 ला 4 × 3 × 5, म्हणजे 60 ने भागावे लागते. तेव्हा 60 हा खरा लसावि हाती येतो.

हा नियम इतका पसरला, याचे कारणही समजण्यासारखे आहे. 7, 9, 10 अशा संख्या घेतल्या, ज्यांत कोणत्याच दोघांना 1 खेरीज सामाईक विभाजक नाही, तर गुणाकार हाच लसावि असतो आणि नियम बरोबर उत्तर देतो. एकदोन तशी उदाहरणे सोडवून दाखवली की नियम सिद्ध झाल्यासारखा वाटतो. तीन संख्यांवर तो वापरायचाच असेल तर दोन टप्प्यांत वापरावा: आधी 12 आणि 15 चा लसावि 60, मग 60 आणि 20 चा लसावि, म्हणजे 1200 भागिले 20, पुन्हा 60.

जी मांडणी टाळायला सांगितली आहे, ती चार ओळींची आहे.

```
2 | 12  15  20
2 |  6  15  10
3 |  3  15   5
5 |  1   5   5
  |  1   1   1
```

डावीकडच्या 2 × 2 × 3 × 5 चा गुणाकार 60. या मांडणीतही एक नेहमीची चूक होते. तिन्ही संख्यांना भाग जाईल असाच विभाजक शोधायचा, असे काही मुलांच्या डोक्यात असते, कारण मसाविच्या मांडणीत तसे करतात. इथे तसा विभाजक मिळत नाही, म्हणून मूल पहिल्याच ओळीला थांबते आणि तिन्ही संख्या गुणून परत 3600 वर पोहोचते. लसाविच्या मांडणीत किमान दोन संख्यांना भाग गेला तरी पुढे जायचे. ज्या संख्येला भाग जात नाही ती जशीच्या तशी खाली उतरवायची. वरच्या पहिल्या ओळीत 15 तशीच उतरली आहे.

आणि घाईच असेल तर मांडणीशिवायही चालते. सगळ्यात मोठ्या संख्येचा पाढा म्हणायचा: वीस, चाळीस, साठ. 20 ला 12 ने भाग जात नाही, 40 ला जात नाही, 60 ला 12 नेही जातो आणि 15 नेही. बारा पंचे साठ, पंधरा चोक साठ, वीस त्रिक साठ. काम संपले.

काढलेला लसावि खरा आहे की फुगलेला, हे कळायला एक छोटी तपासणी आहे. लसाविला प्रत्येक भाजकाने भागून येणारे भागाकार लिहा. 60 साठी ते 5, 4 आणि 3 येतात. या तिघांना 1 खेरीज कशानेच एकत्र भाग जात नाही, म्हणजे लसावि बरोबर. 3600 साठी ते 300, 240 आणि 180 येतात. या तिघांना 60 ने भाग जातो, म्हणजे संख्या 60 पट मोठी झाली आहे. पडताळ्यात न सापडलेली चूक इथे लगेच उघडी पडते.

आता ‘लहानात लहान’ या शब्दांबद्दल. भागाकाराची ओळख आपण अशी करतो: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, आणि बाकी भाजकापेक्षा लहान. या व्याख्येने 5 ही संख्या स्वतःच अटीत बसते. 5 ला 12 ने भागले तर भागाकार 0, बाकी 5. 15 आणि 20 च्या बाबतीतही तेच. हा मुद्दा एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात काढला तर त्याला गप्प करू नये. तो बरोबर बोलतो आहे. लाडवांचे उदाहरण घेतले की फरक दिसतो. 65 लाडू 12 च्या पेट्यांत भरले तर 5 पेट्या भरतात आणि 5 लाडू उरतात; 15 च्या भरल्या तर 4 पेट्या आणि 20 च्या भरल्या तर 3, उरतात प्रत्येक वेळी 5 च. लाडू मुळात 5 च असतील तर एकही पेटी भरत नाही. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नांत किमान एकेक पेटी भरलेली गृहीत धरलेली असते, म्हणून तिथे 65 लिहावे. प्रश्न काढणाऱ्यांनी मात्र ‘प्रत्येक भाजकापेक्षा मोठी’ एवढे शब्द घालावेत. मग वादाला जागा राहत नाही.

शब्द पाहून लसावि की मसावि ठरवणे हा तर सरळ धोका आहे. ‘12, 15 आणि 20 ने भागल्यास 5 बाकी उरेल अशी चार अंकी मोठ्यात मोठी संख्या कोणती?’ शब्द ‘मोठ्यात मोठी’ आहे, पण काम लसाविचे. 9999 ला 60 ने भागले तर 39 उरतात, ते काढून 9960, त्यात 5 मिळवून 9965. उलट ‘65, 125 आणि 185 यांना ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागल्यास 5 उरतात ती कोणती?’ इथे प्रत्येकातून 5 काढून 60, 120, 180 चा मसावि घ्यायचा, उत्तर 60. निर्णय शब्दावर नाही तर एका गोष्टीवर ठरतो: दिलेल्या संख्या भाजक असतील आणि भाज्य शोधायचे असेल तर लसावि, भाज्ये दिली असतील आणि भाजक शोधायचा असेल तर मसावि.

राहिला ‘बाकी कितीही, कशीही असो’ हा भाग. आपल्या उदाहरणात मिळवणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: शोधायच्या संख्येतून 5 काढले की उरते ती तिन्ही पाढ्यांत असते. पण हे चालायला बाकी सगळ्यात लहान भाजकापेक्षा लहान असावी लागते. 5 च्या जागी 13 घाला. नियमाने 73 येतात. 15 आणि 20 ने भागल्यावर 13 उरतात खरे, पण 12 ने भागल्यावर 1 उरतो. 12 ने भागल्यावर 13 उरणे शक्यच नाही; तसा प्रश्नच चुकीचा.

बाकी वेगवेगळ्या असतील तर मिळवणे कसे फसते तेही पाहा. 12, 15, 20 ने भागल्यावर अनुक्रमे 7, 10, 15 उरतात. यातली कोणती बाकी मिळवणार? इथे बाकीकडे नाही, तुटीकडे पाहायचे. 12 व्हायला 7 ला 5 कमी, 15 व्हायला 10 ला 5 कमी, 20 व्हायला 15 ला 5 कमी. आणखी 5 लाडू असते तर तिन्ही प्रकारच्या पेट्या पुऱ्या भरल्या असत्या. म्हणून 60 मधून 5 वजा करायचे, उत्तर 55.

बाकी सारखी नाही आणि तूटही सारखी नाही, असेही प्रश्न असतात. समजा बाक्या 5, 11 आणि 1 आहेत. तेव्हा सगळ्यात मोठ्या भाजकापासून सुरुवात करावी. 20 ने भागल्यावर 1 उरणाऱ्या संख्या 1, 21, 41, 61 अशा जातात. त्यांना 12 ने भागत जा: 1 उरतो, 9 उरतात, आणि 41 ला 5 उरतात. 41 ला 15 ने भागले तर 11. उत्तर 41, आणि शोध 60 च्या आत संपतो, कारण पुढे बाक्यांची तीच जोडणी पुन्हा येते. भाजक मोठे झाले की असा शोध लांबतो. दोन भाजक आणि दोन वेगळ्या बाक्यांच्या अशाच प्रश्नासाठी आर्यभटाने 499 च्या सुमाराच्या आर्यभटीयात कुट्टकाची रीत दिली आहे.

कधीकधी मात्र उत्तरच नसते. बाक्या 5, 5 आणि 6 दिल्या, तर 12 ची अट म्हणते संख्या विषम, आणि 20 ची अट म्हणते सम. सुरुवातीलाच हे ओळखायचे असेल तर प्रत्येक जोडीतल्या बाक्यांची वजाबाकी करा आणि तिला त्या दोन भाजकांच्या मसाविने भाग जातो का पाहा. 5, 11, 1 मध्ये 12 आणि 15 साठी फरक 6, त्याला 3 ने भाग जातो. 15 आणि 20 साठी 10, त्याला 5 ने जातो. 12 आणि 20 साठी 4, त्याला 4 ने जातो. 5, 5, 6 मध्ये 12 आणि 20 साठी फरक 1 येतो, त्याला 4 ने भाग जात नाही. गुणाकारात दुबार मोजले गेलेले 3, 5 आणि 4 ते हेच.