कोरफडीचा गर खावा का?

"घरच्या कुंडीतल्या कोरफडीचा गर खाल्ला तर चालतो का? मागच्या वेळी फार कडू लागला."

चालतो, पण कडू लागला म्हणजे पिवळा चीक गरात गेला. तो सालीच्या लगेच खाली असतो, त्यातल्या अ‍ॅलोइनमुळे पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, हाच चीक आटवून काळा बोळ करतात आणि तो जुलाबाचंच औषध. पान बुडातून कापून कापलेली बाजू खाली करून ग्लासात १०-१५ मिनिटं उभं ठेवा, पिवळं पाणी निथळतं, मग काटे काढून साल जरा जाडच सोला (इथे काटकसर नको) आणि गर दोन-तीनदा धुवा. तरी कडू लागला तर सरळ टाकून द्या. गरोदर बायकांनी खाऊच नये.