‘तिसावं लागलं’ आणि ‘तीस पूर्ण’ यांमधलं अंतर

*फिरत असलेला दावा:* “२०११ च्या जनगणनेचा वयाचा तक्ता उघडा आणि २०११ मधून वय वजा करा, जन्मसाल मिळतं. (१) १९७१ आणि १९८१ साली भरमसाठ मुलं जन्मली, त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या सालांत फारच कमी. म्हणजे आकडे घरी बसून भरलेत. (२) १०-१४ वयाची मुलं १३.२७ कोटी, ०-४ ची फक्त ११.२८ कोटी. म्हणजे दहा वर्षांत जन्म दोन कोटींनी घटले. (३) पाच-पाच वर्षांचे गट करून पिरॅमिड काढतात तो हे सगळं लपवायलाच.”

फेब्रुवारी २०११ मध्ये नाशकात सातपूरच्या एका गल्लीत मी प्रगणक म्हणून फिरलो, आणि नंतर बरीच वर्षं हेच तक्ते वर्गात शिकवले. त्यामुळे ‘घरी बसून’ हे शब्द जरा लागले, ते कबूल करून पुढे जातो.

आधी वजाबाकी

त्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०११ ची मध्यरात्र, ००:०० वाजता, हा होता. नोंदवायचं वय पूर्ण झालेल्या वर्षांत. त्या क्षणी ज्याची तीस वर्षं पूर्ण झाली आहेत पण एकतीस झालेली नाहीत, तो मार्च १९८० ते फेब्रुवारी १९८१ या बारा महिन्यांत जन्मलेला असतो. त्यातले दहा महिने १९८० चे आणि फक्त दोन १९८१ चे. म्हणजे वजाबाकीने ज्यांना १९८१ च्या खात्यात टाकलं, त्यातले साधारण सहापैकी पाच जण १९८० चे निघतात, ज्या साली मुलं ‘फारच कमी’ जन्मली असं दाव्यातच म्हटलंय!

एक कॅलेंडर वर्ष हवंच असेल तर ते दोन वयांतून शिवावं लागतं. १९८० साठी तीस वयाचे बारापैकी दहा हिस्से आणि एकतीस वयाचे बारापैकी दोन. समजा एका तालुक्यात तीसचे १८०० आणि एकतीसचे ६०० लोक नोंदले आहेत. मग १९८० च्या वाट्याला १५०० अधिक १००, म्हणजे १६०० येतात. जन्म वर्षभर सारखे पसरलेले असतात असं यात गृहीत धरलंय, ते अगदी खरं नसतं, पण काम भागतं. आणि हे १६०० म्हणजे त्या साली *जन्मलेले* नव्हेत. त्यांतले २०११ पर्यंत जगलेले आणि त्या तालुक्यात राहत असलेले आहेत. जन्मांपर्यंत मागे जायचं तर मेलेले परत मिळवावे लागतात, त्यासाठी जन्मलेल्यांपैकी कोणत्या वयापर्यंत किती जगतात हे सांगणारी आयुर्मान सारणी लागते.

बहुतेक वेळा इतकं शिवणकाम कोणी करत नाही. जन्मगट सरळ मार्च ते फेब्रुवारी असाच ठेवतात.

मग तीस आणि चाळीस एवढे का?

तीस आणि चाळीस या वयांवर उंच सुळके असतात, एकोणतीस आणि एकतीसवर खड्डे, हे खरं आहे. पण ते सुळके उंबऱ्यावर तयार होतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका घरात आजींचं वय विचारलं. त्या म्हणाल्या, “लिहा की गुरुजी, पन्नास.” आतून सून म्हणाली, “पन्नास कसले, साठ तरी असतील.” पन्नास नको आणि साठ नको, म्हणून मी ओळखीच्या वाटेने गेलो. थोरला कधी झाला? “बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता, खडी फोडायला जायचे मी.” लग्न? “त्याच्या आधी दोन वर्षं.” तेव्हा केवढ्या होत्या? “सोळा असेल नसेल.” म्हणजे १९७० च्या सुमारास सोळा, जन्म १९५४ च्या आसपास, वय छप्पन्न-सत्तावन्न. पन्नासही नाही आणि साठही नाही. नाशकात याला सिंहस्थाचा आधार हमखास मिळतो, १९८० चा आणि १९९१ चा. वय आठवत नाही, पण लेकरू सिंहस्थाच्या आधीचं की नंतरचं हे नक्की आठवतं. लोकसंख्याशास्त्रात अशा घटनांची यादी आधीच तयार करून हातात देतात. पण दारोदार फिरताना प्रत्येक घरी एवढा वेळ कुठला? मीही दुपारनंतर पुष्कळ ठिकाणी सांगितलेला आकडा तसाच लिहिला.

दुसरा मासला शिकलेल्यांचा. एका कामगाराने वय चाळीस सांगितलं. अर्जात जन्मतारीखही होती, म्हणून ओळखपत्र मागितलं, तर त्यावर १ जून १९७१. पूर्ण वय एकोणचाळीस. त्याला चाळीसावं *लागलं* होतं, आणि आपल्याकडे लागलेलं वर्षच वय म्हणून सांगतात. गंमत अशी की २०११ मधून त्याचे चाळीस वजा केले तर १९७१ बरोबर येतं, कारण दोन चुकांनी एकमेकींना कापलं. अर्थात १ जून तरी खरा कुठे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली तारीख ती. आमच्याच जमातीचं काम.

हे घरी बसून भरलेलं नाही, हे कशावरून? आकड्यांच्या ठेवणीवरून. खऱ्या उत्तरांत शून्याने संपणारी वयं सर्वांत फुगतात, मग पाचाची, आणि शेजारची एक-नऊ खचतात. आणि हा फुगवटा वयाबरोबर वाढतो, कमी शिकलेल्या वस्तीत जास्त असतो, शिकलेल्या वस्तीत ओसरतो. कारकुनी लबाडीला उत्तर देणाऱ्याच्या शाळेची वर्षं मोजून चालायचं कारण नाही.

फुगवटा मोजायचं साधं माप म्हणजे व्हिपल निर्देशांक. २३ ते ६२ ही चाळीस वयं घ्यायची. त्यांत शून्य किंवा पाचाने संपणारी आठ, म्हणजे एक पंचमांश. समजा या वयांचे एकूण ४०,००० लोक आहेत, तर त्या आठ वयांत ८,००० सापडायला हवेत. सापडले १२,८००, तर निर्देशांक १६०. १०० म्हणजे ओढ नाहीच, ५०० म्हणजे प्रत्येकाने शून्य-पाचच सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीवर १२५ ते १७५ म्हणजे ढोबळ नोंद, १७५ च्या वर फारच ढोबळ. ढोबळ म्हणजे बनावट नव्हे.

दोन कोटी मुलं कुठे गेली?

दाव्यातला हा भाग सर्वांत फसवा आहे, कारण दोन्ही आकडे बरोबर आहेत. उत्तर मिळतं ते तोच जन्मगट आधीच्या जनगणनेत शोधल्यावर.

२०११ मध्ये १०-१४ असलेली मुलं २००१ मध्ये ०-४ होती. तेव्हा ती मोजली गेली ११.०४ कोटी. दहा वर्षांनी तीच मुलं १३.२७ कोटी झाली. जन्मून झालेल्या मुलांची संख्या मृत्यूने फक्त घटू शकते, आणि बाहेरून सव्वादोन कोटी लेकरं काही देशात आली नाहीत. म्हणजे २००१ मध्येच ०-४ चा पट्टा तोकडा मोजला गेला होता.

कारणं घरगुती आहेत. बारसं व्हायचं असलेलं बाळ नावाअभावी राहून जातं. बाळंतपणाला माहेरी गेलेली मुलगी सासरचे म्हणतात ‘तिकडे आहे’ आणि माहेरचे म्हणतात ‘ती सासरची’, आणि बाळ दोन्हीकडून निसटतं. चार पूर्ण झालेल्या पोराला पाचवं लागलं की घरचे ‘पाच’ सांगतात, आणि ते ५-९ मध्ये सरकतं. उलट दहा हा गोल आकडा नऊ आणि अकराच्या पोरांना ओढतो. अकरा तर त्याच पट्ट्यातलं, पण नऊ खालच्या पट्ट्यातून वर येतं आणि १०-१४ आणखी जाड होतो.

म्हणून तोकड्या पट्ट्याची तुलना तशाच तोकड्या पट्ट्याशी करायची. ०-४ वयाचे २००१ मध्ये ११.०४ कोटी आणि २०११ मध्ये ११.२८ कोटी, किंचित जास्तच. त्यामानाने नीट मोजला जाणारा ५-९ चा पट्टा १२.८३ कोटींवरून १२.६९ कोटींवर आला, किंचित कमी. दोन्ही एकत्र वाचले तर जन्म साधारण त्याच पातळीवर रेंगाळले असं दिसतं. दर बाईमागे मुलं कमी झाली हे खरंच आहे. निवडक गावं-वस्त्यांतले जन्ममृत्यू सतत टिपणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीत एकूण जननदर २००१ च्या ३.१ वरून २०११ मध्ये २.४ वर आला. पण त्याच काळात आई होण्याच्या वयातल्या बायका वाढल्या, आणि एकाने दुसऱ्याला बरंचसं भरून काढलं.

हाच खेळ एकट्या नाशिक जिल्ह्यावर करू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत विशीतली पोरं बाहेरून येतात, तो जन्मगट इथे *वाढू* शकतो, आणि ते मोजणीतली चूक आहे असं समजून तुम्ही भलत्याच दिशेला जाल.

पाचाचे गट

वर्षागणिक वयांचा तक्ता, C-13, जनगणनेनेच छापलाय. दाव्यातले १९७१-१९८१ चे सुळके तिथूनच घेतलेत, मग लपवलं काय?

दाव्यातला पिरॅमिड म्हणजे वयाच्या पट्ट्या एकावर एक रचलेला मनोरा. तो काढताना डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, आणि प्रत्येक पट्टीची लांबी दोघांच्या *एकत्रित* लोकसंख्येच्या टक्क्यांत घेतात. ०-४ ची दोन्ही बाजूंची मिळून ९.३ टक्के, १०-१४ ची ११. गट केल्याने २६ ऐवजी २५ सांगणाऱ्याची चूक गटातच विरते. पण २९ चा माणूस ३० सांगतो तेव्हा तो २५-२९ मधून उडी मारून ३०-३४ मध्ये जातो, आणि ती चूक विरत नाही. शून्याची ओढ पाचापेक्षा जास्त असल्यामुळे मनोऱ्याच्या मधल्या पट्ट्या कधी करवतीच्या दातांसारख्या आत-बाहेर दिसतात. शंका आली तर २८-३२, ३३-३७ असे गट पाडून पाहायचे, म्हणजे गोल आकडा मधोमध येतो आणि शेजाऱ्यांकडून ओढलेले लोक बहुतांशी घरीच राहतात.

पुढच्या जनगणनेत हे गट वेगळ्याच कारणाने आडवे येणार आहेत. तिचा संदर्भक्षण देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मधे दहा नाही, सोळा वर्षं. २०११ ची ०-४ ची मुलं तेव्हा १६ ते २० वर्षांची असतील. १५-१९ चा पट्टा काढून ‘हीच ती’ म्हणणाऱ्याच्या हाती एका टोकाला नको असलेले पंधराचे येतील आणि दुसऱ्या टोकाला वीसचे सुटतील. आणि वीसच्या सुळक्यात तर एकोणीस-एकवीसचेही बसलेले असतील.