अनपेक्षित निकालानंतर मुलाखतीला कोणाला बोलवायचे?

«सर्वेक्षणाचे निकाल अनपेक्षित आले, तर मुलाखतींसाठीही माणसे यादृच्छिक पद्धतीनेच निवडा, नाहीतर पक्षपात होतो. ते जमत नसेल, तर सर्वांत टोकाची उत्तरे देणाऱ्यांना बोलवा. शेवटी जे तयार होतील ते चालतात.»

या सल्ल्याच्या पहिल्या वाक्यात सर्वेक्षण आणि मुलाखत यांचे काम एकच धरले आहे. ‘किती जणांना’ हे कळण्यासाठी यादृच्छिक निवड लागते. ‘असे का’ हे मात्र ज्यांच्यामुळे प्रश्न पडला त्यांनाच विचारावे लागते. समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या ४०० महिलांच्या सर्वेक्षणात लोकलचा प्रवास जितका लांबचा तितका थकवा कमी, असा उलटा निकाल आला आणि दीड तासाहून अधिक प्रवास करूनही कमी थकवा नोंदवणाऱ्या ५० जणी निघाल्या. १२ मुलाखतींसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर त्यांतल्या सरासरी एक-दोघीच हाती लागतील. पक्षपाताची भीती रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणजे निवडीचे निकष आधीच लिहून ठेवणे आणि समोरची बाई कोणत्या गटातली आहे हे मुलाखत घेणाऱ्याला न सांगणे.

टोकाच्या उत्तरांचा सल्ला अधिक फसवा आहे. थकव्याचे सर्वांत कमी गुण कधी कधी प्रत्येक प्रश्नाला डोळे झाकून एकाच रकान्यात खूण केल्याने येतात, म्हणून आधी भरलेली मूळ प्रश्नावली काढून पाहावी. शिवाय आश्चर्य नेमके कशाचे, हे ठरवावे लागते. इथे आलेखावरची रेषाच उलटी उतरते आहे, त्यामुळे लांबून येऊनही न थकणाऱ्या महिला त्या रेषेवरच बसतात. रेषेपासून सर्वाधिक दूर असणाऱ्या शोधल्या, तर नेमक्या याच महिला निसटतात. आधी त्यांच्यातल्या पाच-सहा जणींना भेटावे. त्या कदाचित सांगतील की गाडी विरारहून सुटते, म्हणून तिथे बसायला जागा मिळते, आणि नालासोपाऱ्याच्या काही जणी तर जागेसाठी आधी उलट विरारला जाऊन त्याच गाडीने परत येतात. प्रश्नावलीत मिनिटे विचारली होती, बसायला मिळते का हे नाही. पण एवढ्यावर जागा हे कारण ठरत नाही. तितकाच लांबचा प्रवास करून थकणाऱ्या चार-पाच जणींनाही तेच विचारायला हवे. त्यांनाही रोज जागा मिळत असेल, तर हे स्पष्टीकरण कोसळते.

जे तयार होतील त्यांच्यावर भागवायचे, तर निदान पुन्हा संपर्कास होकार देणाऱ्या आणि नकार देणाऱ्या महिलांची सर्वेक्षणातली उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. थकलेल्या गटातच नकार जास्त असतील, तर रविवारी फोनवर बोलण्याची सोय करावी. प्रवासाला कंटाळून नोकरी सोडलेल्या महिला मात्र या ४०० मध्ये नाहीतच. उलट्या निकालाचे कारण कदाचित त्यांच्याकडेच असेल, आणि त्यासाठी सर्वेक्षणाच्या यादीबाहेरच जावे लागेल.